घरात न उच्चारलेले ‘थँक्यू’ इंग्रजीत कुठे ठेवावे?

प्रश्न: खानापूरकडच्या एका घराची कथा मी इंग्रजीत आणते आहे. संपादकांचं म्हणणं असं की, माणसं एकमेकांसाठी एवढं करतात, पण कुणीच ‘थँक यू’ किंवा ‘सॉरी’ म्हणत नाही, त्यामुळे इंग्रजी वाचकाला ती उद्धट वाटतील. चार ठिकाणी घालून टाका. मुळात ते शब्दच नाहीत. घालू का? आणि आपल्या घरांत हे शब्द का येत नाहीत, ते त्यांना कसं पटवू?

उत्तर: घालू नका. मात्र मूळ ओळ शब्दाला शब्द ठेवून इंग्रजीत सोडून देणे, हाही उपाय नव्हे, कारण संपादकांना जे खटकते आहे ते खरेच त्या मसुद्यात आहे. मराठी वाक्यातली कृतज्ञता ज्या अक्षरात बसलेली असते, ते अक्षर शब्दशः भाषांतरात गळून पडते आणि मागे उरते ती कोरडी माहिती. तेव्हा काम असे आहे की, ती कृतज्ञता किंवा ती दिलगिरी मूळ ओळीत नेमकी कुठे आहे हे आधी शोधायचे आणि इंग्रजी वाक्यात तिला दुसऱ्या जागी बसवायचे.

मी स्वतः ही चूक केलेली आहे. सुरुवातीच्या काळात एका कथेच्या भाषांतरात सुनेने सासऱ्यांना पाण्याचा तांब्या आणून दिल्यावर मी सासऱ्यांच्या तोंडी ‘थँक यू, चाइल्ड’ घातले होते. मूळ लेखक आमच्याच भागातले. त्यांनी मसुदा वाचून मला एवढेच विचारले, “तुमच्या घरात पाण्याला थँक्यू म्हणतात काय?” त्या दिवसापासून मी आभाराची प्रत्येक ओळ घालण्यापूर्वी हा प्रश्न स्वतःला विचारतो आणि बहुतेक वेळा ती ओळ खोडतो.

संपादकांना कारण सांगताना ‘आपल्या संस्कृतीत असे असते’ एवढ्यावर थांबू नका, कारण त्यातून त्यांना काहीच कळत नाही. ‘आभार’ या शब्दापासून सुरुवात करा. त्यात ‘भार’ उघड दिसतो. आपण आभार ‘मानतो’, उपकार ‘फेडतो’, ऋणातून ‘उतराई’ होतो; म्हणजे ही सगळी भाषा देण्याघेण्याच्या खतावणीची आहे. ज्याच्याशी खाते आहे, त्याच्याशी हिशेब होतो. घरात खाते नसते, किंवा असले तरी ते कोणी उघडून दाखवत नाही. बहिणीने दवाखान्यात रात्र काढली आणि भावाने तिचे आभार मानले, तर त्याचा मराठी अर्थ असा निघतो की, हे काम मुळात माझे होते, तू बाहेरून येऊन मदत केलीस. म्हणजे आभार मानून त्याने तिला परके केले. म्हणूनच मोठी माणसे “आभार कसले मानतोस, परका आहेस काय?” असे पटकन म्हणतात. ते वाक्य विनयाचे नसते, त्यात थोडा खरा राग असतो.

दुसरी गोष्ट संपादकांना सहसा ठाऊक नसते, आणि ती त्यांच्याच भाषेबद्दलची आहे. 2018 साली जगातल्या आठ भाषांमधल्या रोजच्या, घरगुती आणि ओळखीतल्या बोलण्याचा एक तौलनिक अभ्यास प्रसिद्ध झाला. काहीतरी मागितले आणि समोरच्याने ते दिले किंवा केले, अशा प्रसंगी शब्दांनी आभार किती वेळा मानले जातात, हे त्यात मोजले होते. इंग्रजी बोलणाऱ्यांनीही असे आभार साधारण सातातून एकदाच मानले होते आणि तरीही ते त्या आठ भाषांत सर्वांत वरच्या बाजूला होते. मराठी त्या आठांत नव्हती, त्यामुळे तो आकडा आपल्याला लावू नये. पण ‘इंग्रज माणूस घरात मीठ मागितले तरी थँक यू म्हणतो’ ही समजूत बोलण्यातून आलेली नसून छापील संवादांतून आलेली आहे, एवढे त्यावरून दाखवता येते. संपादकांचा कान कादंबरीतल्या इंग्रजीला सरावलेला आहे, आणि आपल्याला ओळी त्या कानाला पटतील अशा लिहायच्या आहेत. म्हणून ही सवय पूर्णपणे झटकून टाकणेही परवडत नाही.

आता प्रत्यक्ष ओळींकडे येऊ. पुढचा प्रसंग उदाहरणासाठी मीच बेतला आहे, पण बोली आमच्याच घरांतली आहे. खानापूर तालुक्यातल्या एका गावातले वडील बेळगावच्या दवाखान्यात होते आणि आजच घरी आले आहेत. चार दिवस थोरली बहीण त्यांच्यापाशी राहिली. धाकटा भाऊ पुण्याला नोकरीला आहे, तो रात्री घरी पोहोचतो.

“कधी आलास?”
“आत्ताच. अक्का, तू जेवलीस काय?”
“मी जेवतो मागनं. तू हातपाय धू आधी. औषध आणलंस काय आप्पाचं?”
“राहूनच गेलं बघ.”
“असू दे. उद्या इथंच बघू.”
“चार दिवस तू एकटीच होतीस दवाखान्यात.”
“मग? आप्पा काय तुझा एकट्याचाच हाय काय?”
“तसं न्हवं...”
“बस की. भाकरी टाकतो.”

एक सूचना आधीच देतो, कारण बाहेरच्या भाषांतरकाराचा पहिला पाय इथेच घसरतो. ‘मी जेवतो’, ‘भाकरी टाकतो’ ही वाक्ये बहिणीची आहेत. कोल्हापूरपासून बेळगावपर्यंतच्या बोलीत बायका स्वतःबद्दल बोलताना ‘जातो, येतो, करतो’ असेच म्हणतात. पुण्याकडच्या एका विद्यार्थ्याने अशाच एका उताऱ्यात या ओळी भावाच्या नावावर टाकल्या होत्या आणि भाकरी भाऊच टाकू लागला होता.

या नऊ ओळींत भावाने एकदाही आभार मानलेले नाहीत आणि माफीही मागितलेली नाही, पण दोन्ही त्याने केले आहे. ‘तू जेवलीस काय?’ हा त्याचा पहिला प्रश्न आहे. प्रवासातून आलेल्या माणसाला घरातल्यांनी जेवणाचे विचारायचे असते. इथे आलेलाच घरातल्या बाईला विचारतो आहे. ही उलटापालट म्हणजेच आभार. ‘चार दिवस तू एकटीच होतीस’ हे वाक्य तर आभार आणि माफी दोन्ही आहे, आणि सगळे वजन ‘एकटीच’ मधल्या ‘च’ वर आहे. तू एकटी होतीस, म्हणजे मी नव्हतो. बहीण ते बरोबर ओळखते आणि खाते उघडण्याआधीच मिटवते: आप्पा तुझा एकट्याचाच आहे काय? शेवटी ‘बस की’ मधला ‘की’ हा आर्जवाचा आहे. नुसते ‘बस’ म्हटले असते तर ती आज्ञा झाली असती. ‘की’ लागला म्हणजे विषय संपला, रुसवा नाही.

शब्दशः इंग्रजी करून पाहा. ‘यू वेअर अलोन इन द हॉस्पिटल फॉर फोर डेज.’ इंग्रजी वाचकाला हे बातमीसारखे वाटते, फार तर चौकशीसारखे. त्यावर बहिणीचे ‘इज ही ओन्ली युवर फादर?’ आले की तो म्हणणार, ही बाई उगीच भांडते आहे. ‘सिट. आय विल मेक भाकरी’ हा तर हुकूमच झाला. संपादकांनी या मसुद्याला उद्धट म्हटले तर त्यांचे चुकत नाही.

संपादकांचा उपाय केला तर असे होते: ‘थँक यू फॉर एव्हरीथिंग, अक्का. आय अॅम सॉरी आय वॉझन्ट हिअर.’ वाक्य गोड आहे आणि प्रसंग मेलेला आहे. मूळ प्रसंगाचा सगळा ताण भावाला म्हणता येत नाही यात आहे. त्याने म्हणून टाकले की बहिणीच्या उत्तराला काही कामच उरत नाही, आणि ‘तसं न्हवं’ या अर्धवट सुटलेल्या वाक्याला तर अर्थच राहत नाही.

माझा मसुदा साधारण असा होईल: ‘फोर डेज, अक्का. ऑल ऑन युवर ओन.’ क्रियापद काढले, त्यामुळे वाक्याची माहिती गेली आणि भार राहिला. ‘च’ चे काम ‘ऑल’ ने केले. बहिणीचे उत्तर: ‘सो? इज ही जस्ट युवर फादर, देन?’ सुरुवातीचा ‘सो’ आणि शेवटचा ‘देन’ या दोन आधारांमुळे प्रश्न चिडका न राहता चेष्टेकडे झुकतो. भावाचे ‘दॅट्स नॉट व्हॉट आय...’ असेच तुटू द्यायचे. आणि शेवटी ‘गो ऑन, सिट. आय विल गेट अ भाकरी गोइंग.’ ‘की’ साठी इंग्रजीत एक ठरावीक शब्द नाही. कधी ‘गो ऑन’, कधी ‘कम ऑन’, कधी नुसता स्वल्पविराम आणि नाव पुरते. ‘प्लीज’ मात्र कधीच नको. बहीण धाकट्या भावाला विनंती करत नाही. ‘अक्का’ हे संबोधन तसेच ठेवावे. आमच्याकडे कन्नडमधून आलेल्या या शब्दात नाते, मान आणि माया एकत्र आहेत, आणि तो शब्द ओळीत असला की आभाराच्या शब्दाची निम्मी गरज तिथेच संपते. त्याऐवजी नुसते नाव घातले तर तो भाऊ उर्मट होतो.

आता ‘राहूनच गेलं बघ’ पाहा, कारण माफीच्या बाबतीत अडचण वेगळी आहे आणि ती व्याकरणातली आहे. मराठीत घरगुती चुकीची कबुली बहुधा कर्त्याशिवाय येते: सांडलं, फुटला, राहून गेलं, चुकलं. वस्तूचे काहीतरी झाले, माणूस वाक्यात दिसत नाही. ऐकणाऱ्याला मात्र तो दिसतो, कारण ‘बघ’, ‘गं’, ‘माझ्याकडून’ असे काहीतरी पाठोपाठ येते आणि स्वर खाली जातो. हेच इंग्रजीत कर्त्याशिवाय नेले, ‘इट गॉट लेफ्ट बिहाइंड’, की वक्ता जबाबदारी झटकतो आहे असे वाटते, कारण इंग्रजी वाचक अशी वाक्यरचना सरकारी खुलाशात ऐकतो. म्हणून इथे मी रचना बदलतो आणि कर्ता आणतो: ‘आय क्लीन फरगॉट, अक्का.’ ‘सॉरी’ लागत नाही, कारण ‘आय’ आले की कबुली पुरी झाली. मुळात नसलेले संबोधन मी इथे वाढवले आहे, हे खरे. ‘बघ’ चा ऐवज कुठेतरी द्यायला हवा होता, आणि ‘थँक यू’ वाढवण्यापेक्षा ‘अक्का’ वाढवणे पुष्कळ कमी हानीचे आहे.

उलट दिशेनेही जपायला हवे. ‘माझं चुकलं’ हे वाक्य मराठी घरात क्वचित येते आणि येते तेव्हा जड असते. त्याचे भाषांतर ‘सॉरी’ असे केले तर ते धक्का लागल्यावर म्हणायच्या शब्दाइतके हलके होते. तिथे ‘आय वॉज राँग’ किंवा ‘दॅट वॉज माय डूइंग’ असे पूर्ण वाक्यच हवे. आणि ‘चुकलं-माकलं असेल तर माफ करा’ हे निरोपाचे, लग्नघरातले किंवा पाहुण्यांसमोरचे वाक्य आहे. त्यात कोणतीही विशिष्ट चूक नसते, त्यामुळे त्याला खऱ्या माफीचे रूप देऊ नये.

मोठ्यांनी लहानांपुढे केलेली माफी बहुतेक वेळा शब्दांत नसतेच. बापाने मुलाला नको तेवढे बोलले, तर संध्याकाळी तो मुलाला काही न म्हणता बायकोला म्हणतो, “जेवायला बोलव त्याला.” मुलगा त्याच खोलीत बसलेला असतो. भाषांतरात हे वाक्य सरळ मुलाला उद्देशून करण्याचा मोह होतो, कारण इंग्रजीत ते विचित्र दिसते. करू नका. तिसऱ्या माणसाच्या तोंडून बोलणे हाच तिथला माफीचा आकार आहे. फार तर मुलगा खोलीतच आहे हे कथनाच्या ओळीत आधी अर्ध्या वाक्याने पक्के करा, म्हणजे वाचकाला वळसा दिसेल.

आता माझा मुख्य मुद्दा. घरात हे शब्द येत नाहीत, म्हणून ते जेव्हा येतात तेव्हा काहीतरी तुटलेले असते. वरच्याच घरातला पुढचा प्रसंग घ्या. आप्पा वारले, वर्ष झाले. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा वाटा मुलाइतकाच, हे 2005 च्या दुरुस्तीने कायद्यात आलेले आहे आणि दोघांनाही ठाऊक आहे. तरी बहीण तालुक्याच्या सब-रजिस्ट्रार कचेरीत येऊन हक्कसोडपत्रावर सही करते, अंगठ्याचा ठसा देते, बोट पुसायला कागद शोधते. भाऊ तिला कागद देतो आणि म्हणतो, “थँक्यू अक्का.” ती बोट पुसत राहते, मग म्हणते, “व्हय. येतो मी.”

कथेत एकदाच आलेला तो ‘थँक्यू’ म्हणजे भावाने पहिल्यांदा उघडलेले खाते आहे. आभार मानून त्याने व्यवहार पुरा केला आणि बहिणीला त्यात दुसरा पक्ष केले. दवाखान्यातून आल्या रात्रीच तुम्ही त्याच्या तोंडी एक ‘थँक यू’ घालून ठेवला असेल, तर कचेरीतल्या या शब्दाला इंग्रजी वाचक थांबणारच नाही. हा सभ्य मुलगा आहे, नेहमीच आभार मानतो, असे समजून पुढे जाईल. संपादकांना पटवायचे असेल तर सिद्धांत सांगत बसू नका. तुमच्या कथेतले असे स्थळ शोधा आणि ती दोन पाने त्यांच्यापुढे ठेवा. असे स्थळ कथेत नसेल, तर तुमची बाजू थोडी कमजोर आहे हेही मान्य करावे लागेल.

सीमाभागात या शब्दांचे आणखी एक गणित आहे. इथला माणूस दिवसभरात तीन भाषांतून जातो. बँकेत, दुकानात, कॉलेजात ‘थँक्यू’ आणि ‘सॉरी’ सहज म्हटले जातात आणि तिथे ते मराठी शब्दच झालेले आहेत; ‘धन्यवाद’ सभेत, पत्रिकेत आणि फलकावर राहतो. शेजारच्या कन्नड घराशी बोलताना क्रियापदाला लागणारा ‘री’, जसे ‘बर्री’, हाच ‘प्लीज’ चे सगळे काम करतो, आणि घरातल्या आभाराबाबत ते घरही आपल्यासारखेच मुके असते. इंग्रजी माध्यमातली मुले आता आईलाही ‘थँक्यू’ म्हणतात आणि आईला त्यात काही टोचत नाही. म्हणून कथेचा काळ आणि बोलणाऱ्याचे वय पाहिल्याशिवाय वरचा नियम लावू नये. आजच्या कथेतला दहा वर्षांचा मुलगा ‘सॉरी मम्मी’ म्हणत असेल तर ते तसेच ठेवावे. त्याच घरातल्या आजोबांच्या तोंडी तो शब्द आला तर मात्र पुन्हा मूळ पान उघडून पाहावे.

तपासणी मी अशी करतो. पूर्ण मसुद्यात ‘थँक’, ‘सॉरी’ आणि ‘प्लीज’ हे तीन शब्द शोधतो आणि प्रत्येक सापडलेल्या जागी मूळ पानावर काय आहे ते पेन्सिलीने लिहितो. मूळ पानावर काहीच नसेल तर तो शब्द मी घातलेला असतो आणि बहुधा जातो. मग मराठी न येणाऱ्या एखाद्या वाचकाला प्रसंग वाचायला देतो आणि एकच विचारतो: यात कोण कोणावर रागावले आहे? वरच्या रात्रीच्या प्रसंगाला उत्तर ‘बहीण भावावर’ असे आले तर ‘सो’ आणि ‘देन’ नीट बसलेले नाहीत. ‘कोणीच नाही, पण भावाला अपराधी वाटते आहे’ असे आले तर हात लावत नाही. ‘उद्धट वाटते का?’ असे विचारू नका. विचारले की माणसाला वाटू लागते. दोनदा दुरुस्ती करूनही वाचक चुकत असेल, तर संवाद सोडून कथनाकडे वळावे: भाऊ बॅग खाली न ठेवताच बोलला, एवढी एक ओळ मूळ लेखकाच्या परवानगीने वाढवता येते. लेखक हयात नसेल तर मी तीही वाढवत नाही.

कचेरीतल्या शेवटच्या ओळीवर मला अजून समाधानकारक उत्तर मिळालेले नाही. ‘येतो मी’ हे आपल्याकडे आणि कन्नड घरांतही निघताना म्हणायचे रोजचे वाक्य आहे, ‘जातो’ म्हणायचे नाही म्हणून. पण घरावरचा हक्क सोडून आलेली बाई जेव्हा ‘येतो’ म्हणते, तेव्हा तिलाही ते ऐकू येत असणार. ‘आय विल बी ऑफ, देन’ म्हटले की येणे गेले. ‘आय विल बी बॅक’ म्हटले की धमकी झाली. सध्या मी ‘आय विल कम बाय अँड बाय’ सारखी ओढाताण न करता ‘राइट. आय विल कम अगेन’ असे ठेवतो आणि ‘व्हय’ नंतर नवा परिच्छेद करतो, म्हणजे बोट पुसून होईपर्यंतची शांतता तरी पानावर राहते.